रविवारचं उजवं पान

एमपीएससीच्या संयुक्त गट-ब पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला ३६ सेकंद. तेवढ्यात वाचायचं, आठवायचं, ठरवायचं आणि उत्तरपत्रिकेवर गोल काळा करायचा. उत्तर चुकलं की पाव गुण कापला जातो. अशा परीक्षेची तयारी करताना पुण्यातल्या अभ्यासिकांमधली पोरं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "आज किती तास झाले?" मी लातूर जिल्ह्यातून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायला आले, तेव्हा हेच माप मलाही मिळालं. दहा तास झाले की दिवस चांगला, सहा झाले की वाईट.

आमच्याच अभ्यासिकेतून राज्यकर निरीक्षक झालेला एक दादा अधूनमधून भेटायला यायचा. त्याला मी माझे तास दाखवले. त्याने ते नीट पाहिले आणि म्हणाला, "तास लिहीच, पण त्याच्या शेजारी हाती काय लागलं तेही लिही. आणि डोकं कसं होतं तेही. तिन्ही एकाच ओळीत पाहिजेत, नाहीतर काही कळत नाही." वही सुरू झाली ती या बोलण्यावरून. पुढे तिचं रूप बरंच बदललं, पण एका ओळीत तिन्ही ही गोष्ट शेवटपर्यंत राहिली.

दोनशे पानी लांब वही घेतली. डावं पान रोजच्या नोंदीचं, उजवं रविवारच्या आढाव्याचं. वही उघडली की आठवडा आणि त्याचा हिशेब समोरासमोर दिसतात, पान उलटावं लागत नाही. डाव्या पानावर दिवसाला एक ओळ. आदल्या रात्रीची झोप, मन लावून केलेले तास, ताण, ताणाचं कारण चार शब्दांत, आणि शेवटी "सकाळचे दहा". तासांत मी फक्त मोबाइल लॉकरमध्ये असतानाचे तास धरायचे. चहाला खाली उतरून चालू घडामोडींवर झालेली चर्चा कितीही चांगली रंगली तरी ती तासांत नाही.

"सकाळचे दहा" हा रकाना सगळ्यांत कामाचा निघाला. रात्री पुस्तक मिटण्याआधी त्या दिवशी वाचलेल्यावर दहा छोटे प्रश्न लिहून ठेवायचे. अकराव्या अनुसूचीत किती विषय, बाराव्या अनुसूचीत किती, राज्यपालांच्या अध्यादेशाचं कलम कोणतं, अशा प्रकारचे. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत बसल्यावर, पुस्तक उघडायच्या आधी, त्यांची उत्तरं कागदावर लिहायची आणि मग तपासायची. २९, १८, २१३ अशी उत्तरं रात्री अगदी स्वच्छ दिसत असतात. सकाळी २९ आणि १८ यांची अदलाबदल झाली की कळतं, वाचलं होतं पण बसलं नव्हतं. दहापैकी किती आले तो आकडा ज्या दिवशी वाचलं त्या दिवसाच्या ओळीत लिहायचा. यात दुहेरी फायदा आहे. नुसतं परत वाचण्यापेक्षा आठवून लिहिल्याने गोष्ट जास्त दिवस टिकते, हे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोग करून दाखवलं आहे. म्हणजे मोजणी करता करता उजळणीही होऊन जाते.

ताण मोजायला मात्र वेळ लागला. शून्य ते दहा आकडा द्यायचा हे ठरवणं सोपं आहे, पण सहा म्हणजे काय? जूनमधला सहा आणि ऑगस्टमधला सहा सारखाच असेल तरच त्यांची तुलना करता येते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आकड्यांना खुणा ठरवून दिल्या. दोन म्हणजे वाचताना आजूबाजूचं भान राहत नाही. पाच म्हणजे एकच परिच्छेद दोनदा वाचावा लागतो. सात म्हणजे वाचतानाच मनात दुसरा हिशेब चालू आहे, जागा किती, वय किती, पैसे किती. आठ म्हणजे पोटात गोळा किंवा मान आखडलेली, आणि पुस्तक उघडं असूनही पान पुढे जात नाही. खुणा माझ्या आहेत. दुसऱ्या कुणी वही ठेवली तर त्याने आपल्या शरीराच्या खुणा शोधाव्यात, कारण माझा ताण पोटात उतरतो, माझ्या रूममेटचा डोक्यात चढायचा.

ताण दिवसातून दोनदा लिहायचा, सकाळी टेबलावर बसताना आणि रात्री उठताना, आणि तो त्याच वेळी लिहायचा. रविवारी बसून आठवड्याचा ताण आठवून लिहिला तर तो खरा येत नाही. शनिवार वाईट गेला असेल तर अख्खा आठवडाच वाईट गेल्यासारखा वाटतो. हे मी मुद्दाम ताडून पाहायचे. रविवारी डावं पान झाकून आधी अंदाज लिहायचा आणि मग नोंदींची सरासरी काढायची. अंदाज जवळजवळ नेहमी वर जायचा. राहिलेला दिवस मागाहून भरायचा नाही, रकाना कोरा सोडायचा, हा नियमही त्यातूनच आला. कोरा रकाना खोट्या आकड्यापेक्षा चांगला. कोरे रकाने सलग तीन आले तर त्यातूनही काहीतरी कळतंच.

आता एक आठवडा जसा वहीत आहे तसा उतरवते. ताणाचे दोन आकडे सकाळचा आणि रात्रीचा असे आहेत.

सोमवार: झोप ७, तास ७, ताण ३ आणि ४, दहापैकी ८.
मंगळवार: झोप ७, तास साडेसात, ताण ४ आणि ४, दहापैकी ८.
बुधवार: झोप ६, तास ९, ताण ५ आणि ७ (घरून फोन, भावाची फी), दहापैकी ५.
गुरुवार: झोप साडेचार, तास १०, ताण ७ आणि ७ (कालचं राहिलेलं भरून काढणे), दहापैकी ४.
शुक्रवार: झोप साडेसात, तास साडेपाच, ताण ५ आणि ४ (एकच विषय घेतला), दहापैकी ७.
शनिवार: झोप ६, तास ८, ताण ६ आणि ८ (उद्या टेस्ट), दहापैकी ५.

त्या रविवारी झाकल्या पानावरचा माझा अंदाज साडेसात होता. नोंदींची सरासरी साडेपाचच्याही खाली आली. पण खरी बघण्यासारखी गोष्ट पुढे आहे. बुधवार-गुरुवार मिळून १९ तास झाले आणि वीसपैकी ९ उत्तरं हाती लागली. सोमवार-मंगळवार मिळून साडेचौदा तास झाले आणि वीसपैकी १६ आली. शुक्रवारी तर जेमतेम साडेपाच तास झाले, तरी सात प्रश्न आले. तासांच्या हिशेबाने गुरुवार आठवड्यातला सर्वांत चांगला दिवस ठरला असता.

एका आठवड्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे दादाने बजावून सांगितलं होतं आणि ते फार मोलाचं होतं. बुधवार-गुरुवारी अर्थव्यवस्था होती, सोमवार-मंगळवारी राज्यघटना. विषयच अवघड असेल तर? म्हणून चार आठवड्यांच्या ओळी एकाखाली एक लिहून पाहिल्या. विषय बदलत होते, पण साडेपाच तासांपेक्षा कमी झोपेच्या दिवशी दहापैकी सहाच्या वर आकडा जवळजवळ जात नव्हता. झोप कमी म्हणून ताण की ताण म्हणून झोप कमी, हे वहीतून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय अडतही नाही. दोन्हींपैकी झोपेची वेळ त्यातल्या त्यात आपल्या हातात असते. रात्री साडेअकराला अभ्यासिका सोडायची, वाचन अर्धवट असेल तरी, हा त्या महिन्याचा एकमेव बदल होता.

उजव्या पानावरचं मुख्य काम म्हणजे रविवारच्या टेस्टची चिरफाड. टेस्ट सकाळी अकरा ते बारा, घड्याळ लावून, खऱ्या उत्तरपत्रिकेसारख्या कागदावर पेननेच. प्रश्नपत्रिका सोडवतानाच प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलने खूण करायची. खात्री असेल तर बरोबरची खूण, दोन पर्यायांत अडकले तर आडवी रेघ, काहीच माहीत नसताना ठोकलं तर टिंब. ही खूण उत्तरतालिका पाहायच्या आधीच व्हायला हवी. उत्तर पाहिल्यावर "हे तर येत होतं" असं प्रत्येक प्रश्नाबद्दल वाटतं.

वर उतरवलेल्या आठवड्याची टेस्ट अशी होती. सोडवले ८८, बरोबर ५२, चूक ३६. चुकांचे नऊ गुण गेले, हाती ४३. बहुतेक जण इथेच थांबतात. "छत्तीस चुकले, अभ्यास वाढवायला पाहिजे," असं म्हणून पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करतात. मी खुणांप्रमाणे तीन ढीग केले. टिंबाचे १७ प्रश्न होते, त्यातले ४ बरोबर, १३ चूक. कापणी धरून पाऊण गुण मिळाला. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तर सरासरी एवढंच हाती लागतं. आडव्या रेघेचे २६ होते, १५ बरोबर, ११ चूक, सव्वाबारा गुणांची कमाई. म्हणजे दोन पर्याय बाजूला काढता येत असतील तर तो प्रश्न सोडायचा नाही, हे माझ्यापुरतं पक्कं झालं. उरले खात्रीचे ४५. त्यातले ३३ बरोबर आणि १२ चूक.

खात्रीचे बारा चुकले, याच्याकडे मी बराच वेळ पाहत बसले. हे बारा माहीत नसलेले नव्हते. एकेक प्रश्न पुन्हा वाचला. आठ प्रश्नांत वाचण्यातच गडबड होती. "अयोग्य विधान ओळखा" असं विचारलेलं असताना योग्य विधान निवडलं होतं. "केवळ अ आणि क" आणि "केवळ अ आणि ब" यांत नजर घसरली होती. जोड्या लावा प्रकारात उत्तर मनात बरोबर आणि गोल शेजारचा. उरलेले चार अंकगणिताचे, शेवटच्या पाच मिनिटांत अर्धवट आकडेमोड करून ठोकलेले. बारा प्रश्नांचे बारा गुण गेले आणि वर तीन कापले गेले. ४३ चे ५८ होऊ शकले असते, एकही नवीन पान न वाचता.

यापुढे ढिगांना अक्षरं दिली. "न" म्हणजे माहीत नव्हतं, "द" म्हणजे दोनांत अडकले, "व" म्हणजे वाचण्यात गेलं, "घ" म्हणजे घाईत गेलं. दर रविवारी चार आकडे, आणि त्यांच्या शेजारी शनिवारच्या रात्रीचा ताण आणि झोप. काही आठवड्यांनी हे आकडे वरून खाली वाचले तेव्हा वहीने सांगितलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळली. "न"चा आकडा शनिवारच्या ताणाने हलत नव्हता. तो अभ्यासानेच, तोही सावकाश, खाली येत होता. "व" आणि "घ" मात्र ताण आणि झोपेबरोबर वरखाली होत होते. शनिवारी रात्री आठ लिहिलं असेल तर रविवारी "व" सात-आठच्या घरात, चार लिहिलं असेल तर दोन-तीन. ताणामुळे माझं पाठांतर जात नव्हतं, वाचन जात होतं.

याचा उपयोग सरळ आहे. "न" वाढला तर पुढच्या आठवड्यात त्या विषयाला वेळ द्यायचा. "द" वाढला तर नवीन काही वाचायचं नाही, जवळजवळच्या गोष्टी एकमेकींशेजारी मांडून उजळायच्या, जसं दोन अनुसूच्या, दोन आयोग, दोन सत्याग्रह. "व" आणि "घ" वाढले तर अभ्यास वाढवून काहीही होणार नाही, उलट बिघडेल. तिथे झोप, शनिवारची संध्याकाळ आणि पेपर सोडवायची पद्धत यांच्याकडे बघायचं. सगळ्या चुकांवर "अजून वाच" हा एकच उतारा नसतो, आणि कोणत्या चुकीवर कोणता हे ढीग केल्याशिवाय दिसत नाही.

पद्धत बदलण्यासाठी पेपरमध्ये वेळेच्या खुणा सुरू केल्या. पंचविसाव्या, पन्नासाव्या आणि पंचाहत्तराव्या प्रश्नापाशी घड्याळ बघून मिनिटं लिहायची. पन्नासावा प्रश्न आला तेव्हा ३७ मिनिटं झालेली असत. उरलेल्या पन्नासांसाठी २३, म्हणजे एकाला अठ्ठावीस सेकंदांहूनही कमी. त्या टेस्टमधल्या बारापैकी नऊ चुका शेवटच्या चाळीस प्रश्नांत होत्या. मग दोन फेऱ्यांची पद्धत घेतली. पहिल्या फेरीत खात्रीचे प्रश्न सोडवत पुढे जायचं, आडवी रेघ आणि अंकगणित मागे ठेवायचं, ही फेरी चाळिसाव्या मिनिटाच्या आत संपवायची, आणि दुसरीत उरलेले. पहिल्याच रविवारी एक नवा धोका समोर आला. प्रश्न सोडत गेल्यावर उत्तरपत्रिकेवर ओळ सरकते, ४१ चं उत्तर ४० च्या गोलात जातं, आणि पेनने केलेला गोल बदलता येत नाही. त्यावर दर दहा प्रश्नांनी प्रश्नक्रमांक आणि गोलाचा क्रमांक बोटाने जुळवून बघायची सवय लावली. ती बसायला काही रविवार गेले. त्यानंतर "व" आणि "घ" मिळून पाच-सहावर आले आणि साधारण तिथेच राहिले. शून्य कधी झाले नाहीत आणि शून्याच्या मागे लागण्यातही अर्थ नाही, कारण फार जपून वाचलं तर प्रश्न सुटून जातात.

ताणाच्या कारणांचा रकाना सुरुवातीला नुसता लिहून सोडलेला असायचा. त्याचं मोल २०२४ च्या ऑगस्टमध्ये कळलं. मी राज्यसेवेची पूर्वही देणार होते. ती २५ ऑगस्टला होती आणि त्याच दिवशी बँकभरतीची आयबीपीएस परीक्षाही आली होती. शास्त्री रोडवर विद्यार्थी आंदोलनाला बसले, कृषी सेवेच्या जागांचाही प्रश्न होता, आणि परीक्षा चार दिवसांवर आलेली असताना ती होणार की पुढे जाणार हेच कुणाला सांगता येत नव्हतं. त्या दिवसांच्या ओळी बघितल्या तर रात्रीचा ताण सलग आठ-नऊ, तास भरपूर आणि सकाळचे दहा तीन-चार. परीक्षा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं त्या रात्री आकडा पाचवर आला. खरं तर पुढे जाणं म्हणजे खोलीचं भाडं, मेसचे पैसे, घरी पुन्हा समजावणं. ती परीक्षा पुढे १ डिसेंबरला झाली. तरीही ताण उतरला, कारण तो परीक्षेचा नव्हता, परीक्षा कधी हे माहीत नसण्याचा होता.

त्यानंतर प्रत्येक कारणापुढे मी "ह" किंवा "ना" लिहू लागले, हातात आहे किंवा नाही. तारीख, जागा, कटऑफ, दुसऱ्याचा निकाल हे "ना". राहिलेलं प्रकरण, उशिराचं जागरण, घरी न सांगितलेली गोष्ट हे "ह". रविवारी फक्त "ह"ला उत्तर लिहायचं. "ना"ला उत्तर शोधत बसलं की आढावा दोन तास चालतो आणि संपतच नाही. पण "ना" लिहिणं बंदही करायचं नाही. बुधवारचा फोन मी "ना" धरला होता. दोन-तीन आठवडे तोच फोन त्याच रकान्यात दिसल्यावर लक्षात आलं की फी माझ्या हातात नसली तरी फोन कधी घ्यायचा ते आहे. आईला म्हटलं, "आई, पैशाचं बोलायचं असलं की रविवारी दुपारी बोलू. मधल्या दिवशी ऐकलं की माझा अख्खा दिवस जातो गं." ती म्हणाली, "मग आधीच सांगायचंस की बाई." तेव्हापासून मधल्या दिवशीचा फोन जेवलीस का एवढाच.

आठवड्याच्या नियोजनाबद्दल थोडक्यात. सोमवारी किती मुद्दे ठरवले आणि शनिवारपर्यंत किती झाले हे दोन आकडे उजव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात. माझे बारा ठरायचे आणि सात-आठ व्हायचे, आठवडा चांगला गेला तरीही. आपण आपल्याच कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, ही सवय काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच नोंदवून ठेवली आहे, आणि ती माहीत असूनही जात नाही. म्हणून मी आठच ठरवू लागले. राहिलेला मुद्दा पुढच्या आठवड्यात बाणाने न्यायचा. ज्या मुद्द्यावर तिसरा बाण आला तो एकतर अर्धा करायचा किंवा सोडून द्यायचा. गुरुवारच्या ओळीतलं "कालचं राहिलेलं भरून काढणे" हे कारण त्यानंतर क्वचितच दिसलं.

वहीचं काम मर्यादेतच राहिलं पाहिजे. रोजचं दोन मिनिटं, रविवारचं टेस्टची चिरफाड धरून तास-सव्वा तास. अभ्यासिकेत काही जणींच्या वह्या पाहिल्या, चार रंगांची पेनं, आखीव तक्ते, स्टिकर. त्या दोन-तीन आठवड्यांत बंद पडल्या, कारण वहीच एक राहिलेला मुद्दा होऊन बसली. उजव्या पानाच्या तळाशी एकच ओळ महत्त्वाची असते: पुढच्या आठवड्यात एकच बदल. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. जिच्या पानावर ही ओळ नाही तिची वही नुसती तक्रारवही होते.

आणि काही गोष्टी वहीच्या आवाक्यातल्या नाहीत. माझी रूममेटही माझ्याबरोबर अशीच वही ठेवायची. एका रविवारी तिने आपली डावी पानं माझ्यापुढे ठेवली. तीन आठवडे झोप चारच्या आसपास, ताण आठ-नऊ, सकाळचे दहा दोन-तीनवर, आणि कारणाच्या रकान्यात आधी कारणं होती ती हळूहळू नुसती "माहीत नाही" झालेली. जेवणही सुटलं होतं. इथे "एकच बदल" लिहून भागणार नव्हतं. मी तिला विचारलं, "जगावंसं वाटत नाही असं काही मनात येतं का?" हे विचारायला जीभ जड होते, पण सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात घातला जात नाही. ती रडली आणि हो म्हणाली. त्याच दुपारी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, दिवसरात्र मिळते आणि मराठीत बोलता येतं. तिच्या मोठ्या बहिणीला बोलावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिघी मिळून मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी ती तीन पानं बारकाईने वाचली. कधीपासून, झोप किती, जेवण कसं, हे त्यांना तिच्याकडून खोदून काढावं लागलं नाही. ती काही महिने गावी राहिली आणि औषध चालू ठेवून बरी होऊन परत आली. आता ती वही ठेवते, पण ताणाचा रकाना डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने काढून टाकला आहे, कारण आकडा लिहिताना ती तो वाढवत न्यायची. सगळ्यांनाच स्वतःला मोजणं मानवत नाही.

परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत मीही रकाने कमी करते. सकाळचे दहा बंद, कारण तेव्हा आलेला चारचा आकडा दुरुस्त करायला वेळ नसतो, तो फक्त घाबरवतो. झोप, पेपरमधली पहिल्या फेरीची वेळ, आणि "व" व "घ", एवढंच लिहायचं. टेस्ट रविवारऐवजी एक दिवसाआड, पण खऱ्या परीक्षेच्या वेळेलाच, आणि शेवटचे दोन दिवस एकही नाही.

२ फेब्रुवारी २०२५ ला झालेल्या संयुक्त गट-ब पूर्वच्या दिवशी संध्याकाळी मी खुणा केलेली प्रश्नपत्रिका घेऊन बसले आणि उत्तरतालिकेची वाट न पाहता ढिगांची नुसती संख्या लिहून ठेवली, खात्रीचे किती, रेघेचे किती, टिंबाचे किती. पहिली फेरी एकोणचाळिसाव्या मिनिटाला संपली होती. मुख्य परीक्षेसाठी आता ढीग बदलायला लागले आहेत. पेपर एकमध्ये मराठी आणि इंग्रजी असतं, तिथे "न" फार लहान आणि "द" फार मोठा. समास ओळखताना अडकलेला प्रश्न आणि वाक्प्रचारात अडकलेला प्रश्न एकाच ढिगात टाकून चालत नाही. म्हणून "द"चे दोन भाग केले आहेत, नियम माहीत पण लावता आला नाही असे एकीकडे, आणि नियमच नाही, शब्द ऐकलेलाच असावा लागतो असे दुसरीकडे. पहिल्या भागाला रोज वीस प्रश्नांचा सराव, दुसऱ्याला रोज अर्धा तास वाचन. या रविवारच्या उजव्या पानाच्या तळाशी तेवढंच लिहिलं आहे.